चाळणीत उरतं ते

मी मूळचा साताऱ्याकडचा. पायदळात तीस वर्षं काढली, निवृत्तीनंतर नोएडात स्थायिक झालो. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. साधा बी.ए. आहे. तरीही आज तासभर फायबरवर बोलणार आहे, म्हणजे आपल्या आज्ज्या ज्याला चोथा म्हणायच्या त्यावर. या विषयात मी एक मोठी चूक केली, ती दुरुस्त करताना हातात वजनकाटा घेतला, आणि काट्याने जे दाखवलं ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

सुरुवात जरा अवघड जागेची आहे, पण फौजी माणूस लाजला तर कसं चालेल! २०२२ च्या दिवाळीनंतर मला शौचाच्या वेळी रक्त दिसायला लागलं. मूळव्याध असेल म्हणून मी ते अंगावर काढलं. थोडंथोडकं नाही, चार महिने. बायकोला बोललोही नाही. तिला कळलं ते कपडे धुताना, आणि मग माझं कोर्ट मार्शल झालं. डॉक्टरांनी दुर्बिणीने आतडं तपासलं. फिशर निघाली, म्हणजे कडक मलामुळे पडलेली चीर. शिवाय एक छोटा पॉलिप निघाला, तो तिथेच काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी अहवाल चांगला आला, पण ते आठ दिवस मी विसरलेलो नाही. एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, पुढे राहून जायला नको. रक्त दिसलं तर आधी तपासणी, आहार नंतर. पोळी बदलून बघू, असं तिथे करायचं नाही.

अहवाल देताना डॉक्टरांनी विचारलं, "कर्नलसाहेब, जेवणात काय काय असतं?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "घरचं साधं जेवण. पोळी, भाजी, वरण, भात." ते म्हणाले, "सात दिवस लिहून आणा. वजनासकट."

तर मी स्वयंपाकघरात काटा आणला आणि रोजचा रिपोर्ट लिहायला लागलो. आकडे घेतले हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांतून. २०१७ साली त्यांनी भारतीय अन्नपदार्थांचं मोठं पुस्तक काढलं, त्यात शंभर ग्रॅम कच्च्या जिनसात किती फायबर ते दिलेलं आहे. प्रौढ माणसाने किती खावं याचाही अंदाज याच संस्थेने दिलाय. २००० कॅलरीच्या आहाराला ३० ग्रॅमच्या आसपास.

आता माझा त्यातला एक दिवस ऐका. सकाळी पांढऱ्या ब्रेडचे तीन टोस्ट. त्यात मैदा साधारण ५० ग्रॅम, आणि शंभर ग्रॅम मैद्यात फायबर पावणेतीन ग्रॅम, म्हणजे माझ्या वाट्याला जेमतेम दीड. सोबत अंड्याची भुर्जी. अंड्यात फायबर शून्य. चहाबरोबर चार बिस्किटं, अर्धा ग्रॅम. फळ म्हणून मोसंबीचा रस घ्यायचो, आणि तोही गाळलेला, म्हणून तिथे शून्यच धरला. दुपारी भात, त्याचे दोन. वरण पातळ, माझ्या वाटीत डाळ २० ग्रॅमच, त्याचे पावणेदोन. बटाट्याची भाजी, पावणेदोन. काकडीच्या चार चकत्या, अर्धा. रात्री पनीरची भाजी. पनीरमध्ये काही नाही, रश्श्यातल्या कांदा-टोमॅटोचा दीड. राहिल्या दिवसभरातल्या चार पोळ्या, १०० ग्रॅम कणकेच्या.

तक्ता सांगतो, शंभर ग्रॅम गव्हाच्या कणकेत ११ ग्रॅमच्या वर फायबर असतं. मी खुशीत अकरा लिहिले. बायको म्हणाली, "अहो, अकरा कसे लिहिता? कणीक चाळतात आपल्याकडे."

खरी गोष्ट इथे सुरू होते. आमच्याकडे पोळ्या करायला ज्या ताई येतात, त्या बिहारच्या. पोळी अशी करतात की विचारू नका, पापुद्रा न् पापुद्रा सुटलेला. त्या रोज बारीक चाळणीने कणीक चाळतात आणि वर उरलेला कोंडा एका पिशवीत टाकतात. मी विचारलं, याचं काय होतं? त्या म्हणाल्या, "साहब, चोकर तो गाय को देते हैं." मी काटा काढला. एक किलो कणीक चाळल्यावर चाळणीत ८० ग्रॅम कोंडा उरला. मुठीतला हलका भुसा, कुणाला त्याचं काय वाटणार? पण गव्हाच्या कोंड्यात वजनाच्या जवळजवळ ४० टक्के फायबर असतं. म्हणजे त्या ८० ग्रॅममध्ये ३२ ग्रॅम. किलोभर कणकेतल्या एकूण फायबरपैकी पाऊण हिश्शाच्या जरा खाली आमच्या घरात राहत होतं, बाकीचं गाय खात होती. गाय ठणठणीत होती, हेही नमूद करतो.

तेव्हा चार पोळ्यांचे अकरा नाहीत, साडेआठ. सगळी बेरीज अठरा. घरचं साधं जेवण, आणि तीसपैकी अठरा.

त्याच सुमारास, मार्च २०२३ मध्ये, बातमी आली की सेनेने जवानांच्या रेशनमध्ये बाजरी, ज्वारी आणि नाचणीचं पीठ पुन्हा आणलं. पुन्हा म्हणायचं कारण असं की, पूर्वी भरड धान्यं रेशनमध्ये होती, गव्हाच्या कणकेसाठी ती बंद झाली, त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. आता तांदूळ आणि कणीक मिळून जितकं धान्य देय असतं, त्याच्या २५ टक्क्यांपर्यंत हे पीठ घेता येतं, तेही युनिटने मागणी केली तर. ते भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. माझ्या जुन्या सोबत्यांनी ती बातमी मला वीस वेळा पाठवली. मी लगेच पाच-पाच किलो पीठ आणलं आणि घरात जाहीर केलं: पोळी बंद, भाकरी सुरू!

नंतर तक्ता उघडला आणि जरा गप्प बसलो. न चाळलेल्या गव्हाच्या कणकेत शंभराला ११.३. बाजरीत ११.५. नाचणीत ११.२. ज्वारीत १०.२. म्हणजे फायबरपुरतं बोलायचं तर पूर्ण गव्हाची पोळी आणि भाकरी एकाच रांगेत उभ्या आहेत. भाकरीचे दुसरे गुण आहेत. नाचणीत कॅल्शियम भरपूर, बाजरीत लोह गव्हापेक्षा जास्त, आणि दिल्लीच्या जानेवारीत बाजरीची भाकरी, गूळ आणि तूप यांना तोड नाही. भाकरी जरूर खा. पण पोळी सोडून भाकरी धरली म्हणून फायबर वाढेल, हे खरं नाही. फरक पडतो तो मैद्याच्या, पांढऱ्या भाताच्या किंवा चाळलेल्या कणकेच्या जागी ती आली तर. मी जी जागा बदलत होतो ती मुळात चुकीची नव्हती. चाळणी चुकीची होती, आणि सकाळचा ब्रेड.

मंडळी, आता माझी चूक. हे सगळं कळल्यावर मी एकदम चढाई केली. चाळणी बंद, ब्रेड बंद, दोन्ही वेळा उसळ, दोन पेरू, वरून दह्यात चार चमचे कोंडा आणि रात्री इसबगोल. अठरावरून पन्नासच्या घरात, तेही चार दिवसांत. पाचव्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं. सातव्या दिवशी, ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता, तीच गोष्ट पूर्ण बंद.

खरं तर हे मला ठाऊक असायला हवं होतं. लडाखमध्ये उंचीवर असताना जवानांची एक तक्रार कायम असायची, कब्ज. तिथे डब्यातलं आणि वाळवलेलं अन्न जास्त, ताजी भाजी कमी, आणि थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणीही कमी. कोरड्या हवेत श्वासावाटे शरीरातलं पाणी उडतं ते वेगळंच. आमचे डॉक्टर पहिला प्रश्न पाण्याचा विचारायचे, जेवणाचा दुसरा. कोंडा काम करतो तो पाणी धरून. त्याने मल फुगतो, मऊ होतो आणि पुढे सरकतो. पाणीच नसेल तर तोच कोंडा आतड्यात सुका बोळा होऊन बसतो. इसबगोलचंही तसंच. एक चमचा इसबगोल ग्लासभर पाण्यात घालून लगेच प्यायचं आणि वर आणखी पाणी घ्यायचं. कोरडं तोंडात टाकलं तर ते घशातच फुगू शकतं. आणि रोजच्या गोळ्यांबरोबर ते घ्यायचं नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर औषध त्यात अडकतं.

गॅसचं कारण वेगळं. उसळीतल्या काही साखरा आपल्याला पचत नाहीत, त्या मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात आणि वायू सोडतात. जिवाणूंना नव्या खुराकाची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. ती मुदत द्यावी लागते. मी ती दिली नाही.

डॉक्टरांनी मग मला नीट क्रम लावून दिला. एका आठवड्यात एकच बदल, साधारण तीन-चार ग्रॅमचा. पोट कुरकुरलं तर त्याच पायरीवर आणखी आठवडाभर थांबायचं. तो क्रम आमच्या घरात कसा चालला ते सांगतो.

पहिल्या आठवड्यात फक्त चाळणी. हे सोपं वाटतं, पण घरात बंड झालं ते इथेच. पोळ्या जाड झाल्या, कडेला चिरायला लागल्या, संध्याकाळपर्यंत कडक. ताई म्हणाल्या, आटा खराब आहे. आटा चांगला होता. कोंडा पाणी सावकाश पितो. कणीक मळली तेव्हा मऊ होती, पण दहा मिनिटांत कोंड्याने पाणी ओढून घेतलं आणि ती घट्ट झाली. उपाय असा निघाला की पाणी जरा जास्त घालायचं, कणीक हाताला थोडी चिकट वाटली तरी चालेल, मग झाकून अर्धा तास ठेवायची आणि तेलाचा हात लावून पुन्हा मळायची. चौथ्या दिवशी पोळी पहिल्यासारखी फुगली. चक्कीवाल्याला आम्ही सांगतो की दळ बारीक हवं, पण चाळू नका. दळ बारीक असलं की कोंडाही बारीक होतो आणि जिभेला टोचत नाही.

पाकिटातली कणीक घेत असाल तर घरी चाळून परीक्षा करू नका, फसाल. गिरणीतला बारीक कोंडा चाळणीतून निसटतो, त्यामुळे वर काही उरलं नाही म्हणजे कोंडा नाही असं नसतं. पाकीट उलटं करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पोषणाच्या चौकटीत फायबर लिहिलेलं असेल, तर शंभराला दहा-अकराच्या आसपास हवं. 'मल्टिग्रेन' हा शब्द दिसला की बाकीची धान्यं किती टक्के आहेत ते बघा. मी घेतलेल्या एका पाकिटात ९० टक्के गहूच होता, उरलेल्या दहात पाच धान्यांची दाटी! ब्राउन ब्रेडचंही तसंच. रंग कॅरॅमलचाही असू शकतो. यादीत पहिलं नाव मैद्याचं, म्हणजे रिफाइंड व्हीट फ्लोअरचं असेल, तर तो रंगवलेला पांढरा ब्रेड समजा.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सकाळचा टोस्ट गेला. त्याजागी अख्ख्या हिरव्या मुगाची धिरडी. मूग रात्री भिजत घालायचे, ते पाणी टाकून द्यायचं, कारण त्या गॅस करणाऱ्या साखरा थोड्या त्यात उतरतात. मग आलं, मिरची, जिरं घालून वाटायचे, चिमूटभर हिंग. दोन धिरड्यांना ४० ग्रॅम मूग लागतात आणि त्यात सात ग्रॅम फायबर आहे. तीन टोस्टचे दीड होते, हे लक्षात घ्या. इथे एक बारीक गोष्ट आहे. सालीसकट मुगात शंभराला १७ ग्रॅम, पिवळ्या मूगडाळीत ९ च्या जरा वर. साल काढली की निम्मं जातं. हरभऱ्याचंही तसंच, अख्ख्यात २५, डाळीत १५. आठवड्यातून दोन दिवस धिरड्याऐवजी थालीपीठ असतं. भाजणी पुण्याहून बहीण पाठवते, त्यामुळे तिच्यातलं प्रमाण मला माहीत नाही आणि विचारायची हिंमतही नाही.

चौथ्या आठवड्यात रस बंद, फळ सुरू. पपईची मोठी फोड, १५० ग्रॅम, चार ग्रॅम फायबर. हिवाळ्यात इकडे अलाहाबादी पेरू येतो. शंभर ग्रॅमच्या एका पेरूत साडेआठ ग्रॅम असतं, म्हणजे सफरचंदाच्या तिप्पट आणि किंमत त्याच्या अर्ध्याहून कमी. पेरूच्या बिया त्रास देतात असं ज्यांना वाटतं त्यांनी पपईच धरावी.

मग भाजी. बटाटा आठवड्यातून दोनदाच, एरवी फ्लॉवर, भेंडी, फरसबी, गाजर. यांत शंभराला चार ग्रॅमच्या आत-बाहेर मिळतं. काही पालेभाज्यांत त्याहून कमी, पण दिल्लीची थंडी म्हणजे पालेभाजीचा उत्सव असतो. इथे बथुआ म्हणतात तो आपला चाकवत. त्याचा रायता इथले लोक अप्रतिम करतात. मेथी निवडताना कोवळे देठ टाकू नका, बारीक चिरून भाजीत घाला.

आता बेरीज बघा. धिरडी सात, चार पोळ्या अकरा, जरा दाट वरण सव्वादोन, निम्मा केलेला भात एक, दोन वेळची मिळून २०० ग्रॅम भाजी साडेसहा, पपई चार. बत्तीसच्या आसपास. यात विकत आणलेलं खास असं काही नाही. कोंड्याचा डबा, परदेशी बिया, पावडरी, काही नाही. रात्री उसळ केली तर ते वर.

बाहेर खाणं हा आमच्या एनसीआरचा धर्म आहे, त्यावर दोन शब्द. छोले-भटुरे समोर आले की लोक म्हणतात, सगळंच वाईट. असं नाही. छोले उत्तम, फायबरच्या दृष्टीने ताटातला सर्वांत श्रीमंत पदार्थ. मैद्याचा आहे तो भटुरा. मी छोले घेतो आणि सोबत आट्याची तंदुरी रोटी मागतो. आधी विचारून घेतो, कारण पुष्कळ ठिकाणी तंदुरी रोटीच्या पिठातही मैदा घालतात. खरी रोटी गार झाल्यावर कडक होते, मैद्याची रबरासारखी ताणली जाते. मोमोबद्दल मात्र माझ्याकडे काही उपाय नाही. नातू आला की खातो.

हे सगळ्यांना चालेल असं नाही, तेवढं सांगतो. आतड्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, आतडं अरुंद झालंय असं सांगितलेलं असेल, मूत्रपिंडाचा आजार असून डाळी-फळांवर मर्यादा असेल, तर माझा क्रम वापरू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मैदा आणि भात कमी करताना साखर मोजत राहावी, ती खाली उतरू शकते. आणि वरून कच्चा कोंडा चमच्याने खायची गरज नाही. त्यात फायटेट नावाचं द्रव्य असतं, ते लोह आणि कॅल्शियम अडवतं. भिजवलेल्या, मोड आणलेल्या धान्यात ते कमी होतं. आपल्याकडे मटकीला मोड आणायची पद्धत आहे, ती यासाठीही उपयोगी पडते.

मागच्या वेळी बडोद्याच्या एका ताईंनी विचारलं होतं, सासूबाईंना दात नाहीत, त्यांना पोळी-उसळ कशी देऊ? माझी आई ९१ वर्षांची आहे, तिचंच सांगतो. गव्हाचा दलिया, म्हणजे लापशीचा रवा, सालीच्या मूगडाळीबरोबर कुकरला चार शिट्ट्या. त्यात दुधी किंवा गाजर किसून घालतो, वर तूप. रव्याच्या उपम्याऐवजी सकाळी हेच. संध्याकाळी पिकलेली पपई कुस्करून. तिला तहान लागत नाही, म्हणून पाण्याची बाटली भरून तिच्या खुर्चीपाशी ठेवतो आणि संध्याकाळी किती उरलं ते बघतो. पाणी जास्त उरलं, तर त्या रात्री दलिया वाढवत नाही, आधी ताक देतो.

आमची चाळणी अजून घरात आहे. बेसनाच्या गाठी मोडायला लागते. ताई अधूनमधून सवयीने कणकेवर धरतात, मग स्वतःच हसतात आणि ठेवून देतात. पिशवीत कोंडा नसला तरी गाय दारात येते, तिला आता मटारच्या शेंगांची सालं मिळतात.